‘बदलाची तयारी नाही’ : केसपेपरवरच्या एका शेऱ्याची पार्श्वभूमी

वजन खूप वाढलेलं, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ९.४, आणि केसपेपरवर एक ओळ : ‘बदलाची तयारी नाही.’ पुढचा डॉक्टर ती वाचतो आणि पेशंट आत येण्याआधीच त्याचं मत बनलेलं असतं. मी स्वतः हा शेरा बरीच वर्षं लिहीत आलो. तो कुठून आला हे कळल्यावर लिहिणं थांबवलं.

ही गोष्ट मधुमेहात नाही, दारूच्या व्यसनात सुरू होते. त्या काळी व्यसनी माणूस सत्य नाकारतो असं गृहीत धरून त्याला खडसावून वठणीवर आणायचा प्रयत्न व्हायचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर १९८२मध्ये नॉर्वेत तरुण मानसशास्त्रज्ञांना आपली पद्धत करून दाखवत होते. ते तरुण मिलर यांना मध्येच थांबवून विचारत : आत्ता हाच प्रश्न का विचारलात? त्याची उत्तरं देता देता मिलर यांना आपलीच पद्धत उमगत गेली आणि १९८३मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगवरचा, म्हणजे बदलाची कारणं पेशंटच्याच तोंडून येऊ देणाऱ्या मुलाखतीवरचा, त्यांचा पहिला लेख आला. गाभा साधा होता. माणूस द्विधा मनःस्थितीत असतो. आपण बदलाची बाजू मांडली की तो आपसूक दुसरी बाजू लढवतो आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्याला ती जास्त पटते. १९९३मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की समुपदेशक जितका अंगावर जाई, तितकं वर्षभरानंतर पेशंटचं पिणं जास्त असे.

योगायोगाने १९८३मध्येच प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाच्या टप्प्यांची मांडणी पुढे आणली : विचारच नाही, विचार चालू आहे, कृती, टिकवणं. टप्पा एका शब्दात लिहिता येतो, म्हणून तो केसपेपरवर चटकन रुजला. ही मुलाखत आणि हे टप्पे एकच आहेत असा समज इतका पसरला, की मिलर आणि त्यांचे सहकारी स्टीफन रोलनिक यांना २००९मध्ये त्या वेगळ्या असल्याचं लिहून सांगावं लागलं. ‘तयारी नाही’ हा शेरा त्या टप्प्यांच्या भाषेतला. ती भाषा मुलाखतीची नाही.

मुलाखतीला दवाखान्यातल्या दहा मिनिटांत बसेल असं रूप रोलनिक आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात दिलं. त्यांनी तयारीचे दोन भाग केले : बदल किती महत्त्वाचा वाटतो आणि तो जमेल याची खात्री किती. दोन्हींना शून्य ते दहा आकडा.

एक नमुना घेऊ. बावन्न वर्षांची बाई, बीएमआय ३४. चालण्याचं महत्त्व विचारलं तर म्हणते, “सात.” जमेल याची खात्री? “तीन. गुडघे दुखतात.” इथे “तीनच का, आठ का नाही?” असं विचारलं की ती अडचणींची यादी वाचेल. उलट विचारायचं : “शून्य का नाही म्हणालात?” ती थोडं थांबते. “मागे मुलीबरोबर महिनाभर जात होते. ती असली की जमतं.” बदलाच्या बाजूचं हे पहिलं वाक्य तिच्या तोंडून आलं. नोंद अशी :

‘चालणं : महत्त्व ७, खात्री ३, गुडघेदुखी. “मुलगी असली की जमतं.” ठरलं : आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलीबरोबर दहा मिनिटं. औषध वाढवणं : महत्त्व ८, खात्री ९. दोन आठवड्यांनी विचारणे.’

तयारी माणसाची नसते, एकेका गोष्टीची असते, हे या नोंदीत दिसतं. हिला ‘तयारी नाही’ म्हटलं असतं तर औषधासाठीची नऊची खात्री कुणाला दिसलीच नसती. शिवाय तिला अडवतंय ते खात्रीचं कमी असणं. साखर वाढण्याचे धोके पुन्हा सांगून तीनाचे चार होणार नाहीत, गुडघ्याचा इलाज केला तर होऊ शकतील.

परिणाम किती? २००७मध्ये अमेरिकेत टाइप २ मधुमेह असलेल्या, वजन जास्त असलेल्या २१७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना वजन घटवण्याचा तोच गटवर्ग होता. निम्म्यांना त्यासोबत या मुलाखती. अठरा महिन्यांनी मुलाखतींच्या गटात सरासरी ३.५ किलो घट, दुसऱ्या गटात १.७. कृष्णवर्णीय स्त्रियांना फायदा कमी झाला. फरक खरा आहे, पण तो औषधाची जागा घेण्याइतका नाही.

म्हणून कमी आकडा हे उपचार लांबवायचं कारण होऊ शकत नाही. एचबीए१सी दहाच्या वर आहे, तहान आणि लघवी वाढली आहे, वजन आपोआप उतरतंय, अशा वेळी इन्सुलिनचा निर्णय त्याच दिवशी पेशंटशी बोलून व्हायला हवा. चालण्याची तयारी त्यानंतर विचारता येते.

मुलाखत बिघडतेय हे ओळखायची माझी खूण एकच : पेशंट “हो, पण…” म्हणायला लागला, की बदलाची बाजू मी बोलतोय. तेव्हा मी गप्प बसतो आणि तो पुढे काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतो.