अमली पदार्थविषयक धोरण : गुन्हेगारीकरण, निर्गुन्हेगारीकरण आणि हानी-न्यूनीकरण

अमली पदार्थ स्वतःच्या सेवनासाठी बाळगणाऱ्या व्यक्तीशी राज्यसंस्थेने कसे वागावे, यासंबंधीचा धोरणात्मक वाद. विक्री, तस्करी आणि उत्पादन हे गुन्हेच राहावेत, यावर या वादातील बहुतेक पक्षांचे एकमत आहे. मतभेद आहेत ते खिशात अर्धा ग्रॅम हेरॉइन सापडलेल्या माणसाबद्दल.

तीन संकल्पना सुरुवातीलाच वेगळ्या कराव्या लागतात, कारण या विषयावरच्या निबंधांतला बराचसा गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्याने होतो. गुन्हेगारीकरणात बाळगणे हा फौजदारी गुन्हा असतो. अटक, खटला आणि गुन्ह्याची नोंद हे त्याचे परिणाम. निर्गुन्हेगारीकरणात बंदी कायम राहते, माल जप्तही होतो, पण प्रकरण फौजदारी न्यायालयाऐवजी प्रशासकीय यंत्रणेकडे जाते. कायदेशीर विक्रीला परवानगी देणे ही त्याहून पूर्ण निराळी गोष्ट आहे. हानी-न्यूनीकरण तर कायद्याच्या या पायऱ्यांवर बसतच नाही. सेवन चालू असले तरी त्यातून होणारे मृत्यू आणि संसर्ग टाळणे, एवढेच त्याचे उद्दिष्ट. वापरलेल्या सुईच्या बदल्यात निर्जंतुक सुई देणे, हेरॉइनऐवजी देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देणे, अतिमात्रा झालेल्याचा श्वास परत आणणारे नॅलोक्झोन जवळ ठेवणे, हे त्याचे नेहमीचे उपाय. कडक कायदा असलेल्या देशातही हे उपाय राबवता येतात. स्वित्झर्लंडने सेवन दंडनीय ठेवूनच 1986 मध्ये बर्न येथे देखरेखीखालील सेवनकक्ष सुरू केला.

पोर्तुगालची पद्धत

या वादात सर्वाधिक दाखला दिला जातो तो पोर्तुगालचा. 1990च्या दशकाच्या अखेरीस तेथे सुमारे एक टक्का लोकसंख्या हेरॉइनच्या समस्येत अडकल्याचा अंदाज होता, आणि सुया वाटून घेतल्याने एचआयव्ही वेगाने पसरत होता. 1998 मध्ये सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्या शिफारशींवर बेतलेला 30/2000 क्रमांकाचा कायदा 1 जुलै 2001 पासून लागू झाला.

कायद्याने दहा दिवसांच्या सरासरी वैयक्तिक सेवनाइतका साठा ही मर्यादा घातली : हेरॉइन 1 ग्रॅम, कोकेन 2 ग्रॅम, गांजा 25 ग्रॅम. लिस्बनमध्ये एखाद्याजवळ 0.6 ग्रॅम हेरॉइन सापडले असे समजू. पोलीस माल जप्त करतात, नोंद करतात आणि त्याला जिल्ह्याच्या परावृत्ती आयोगासमोर पाठवतात. आयोगात तीन सदस्य असतात. एक कायद्याचा जाणकार असतो. उरलेले दोघे वैद्यक, मानसशास्त्र किंवा समाजकार्य अशा क्षेत्रांतले. हे न्यायालय नसते, सदस्य साध्या टेबलाशी बसून बोलतात. त्यांना आधी एकच गोष्ट ठरवायची असते : हा माणूस व्यसनाधीन आहे की अधूनमधून सेवन करणारा? व्यसनाधीन असेल आणि उपचाराला तयार असेल, तर कार्यवाही स्थगित होते व त्याला उपचारकेंद्राशी जोडून दिले जाते. व्यसनाधीनाला दंड करता येत नाही, कारण त्या दंडाचे पैसे उभे करायला तो पुन्हा त्याच बाजारात जाईल. व्यसनी नसलेल्याचे पहिलेच प्रकरण असेल, तर सहसा तेही स्थगितच होते. पुन्हा सापडल्यास ताकीद, दंड, ठरावीक ठिकाणी जाण्यास मनाई किंवा आयोगापुढे नियमित हजेरी असे उपाय असतात. विक्री मात्र चार ते बारा वर्षांच्या कैदेचा गुन्हा राहिली.

ही रचना चालली त्याचे श्रेय केवळ कायद्याला देणे चुकीचे ठरेल. औषधदुकानांतून सुया बदलून देण्याचा कार्यक्रम 1993 पासूनच सुरू होता. 2001 च्या आसपास उपचारकेंद्रे आणि मेथाडोन पुरवणाऱ्या फिरत्या गाड्या यांवर मोठा खर्च झाला. शिवाय केवळ सेवनासाठी प्रत्यक्ष तुरुंगवास त्याआधीही क्वचितच होत असे. सुईवाटे सेवन करणाऱ्यांमधील एचआयव्हीच्या नव्या नोंदी वर्षाला हजाराहून अधिक होत्या, त्या पुढे शंभराच्या आत आल्या. ही घट खरी आणि मोठी आहे. पण तिचा किती भाग कायद्याचा, किती सुयांचा आणि किती मेथाडोनचा, हे वेगळे काढता येत नाही, कारण तिन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या. ‘निर्गुन्हेगारीकरणामुळे एचआयव्ही घटला’ असे सरळ लिहिणारा निबंध इथे घसरतो. पुराव्यातून ठामपणे निघते ते एवढेच की शिक्षा काढल्याने सेवनाचा जो स्फोट होईल असे विरोधक म्हणत होते, तो झाला नाही.

ओरेगनचा उलटा प्रवास

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांनी सुमारे 58 टक्के मतांनी 110 क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला. 1 फेब्रुवारी 2021 पासून अल्प प्रमाणात बाळगणे हा 100 डॉलर दंडाचा किरकोळ भंग ठरला. एका मदतवाहिनीला फोन करून आरोग्यतपासणी करून घेतली की दंड माफ होई. फोन फारच थोड्यांनी केले. बहुतेकांनी चिठ्ठी खिशात घातली आणि विसरून गेले, कारण दंड न भरल्यास काहीच होत नव्हते. माणसाला समोर बसवून बोलणारा आयोग इथे नव्हताच. गांजाच्या करातून उपचारांसाठी ठेवलेला बहुतांश पैसा संस्थांपर्यंत पोहोचायला 2022 उजाडले. म्हणजे जुनी व्यवस्था आधी मोडली आणि नवी मागाहून उभी राहू लागली. त्याच काळात फेंटानिल हे हेरॉइनहून कितीतरी तीव्र कृत्रिम अमली द्रव्य पश्चिम किनाऱ्यावर पसरले आणि अतिमात्रेचे मृत्यू वाढले. हा प्रसार हिशेबात धरणाऱ्या अभ्यासाला मृत्यूंची वाढ आणि कायदा यांचा संबंध आढळला नाही. त्याआधीच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा होता. लोकांचा रोष मात्र रस्त्यावर उघड चालणाऱ्या सेवनावर होता, आणि तो समजण्यासारखा होता. 1 सप्टेंबर 2024 पासून बाळगणे पुन्हा गुन्हा झाले.

गुन्हेगारीकरणाच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद इथेच सापडतो : दडपण नसेल तर अनेकजण उपचाराच्या दारापर्यंत येतच नाहीत. याला उत्तर म्हणून पोर्तुगाल पुढे करताना हे ध्यानात ठेवावे लागते की तिथेही दडपण आहे. ते आयोगासमोर हजर राहण्याच्या सक्तीचे आहे, तुरुंगाचे नाही. दुसऱ्या बाजूला, फौजदारी नोंदीची किंमत नोकरी, घर आणि मुलांचा ताबा यांत मोजावी लागते. अटकेच्या भीतीने मित्र अतिमात्रेने निळा पडत असतानाही सोबती रुग्णवाहिका बोलवायला कचरतात. नॅलोक्झोन कितीही वाटले, तरी देणारा पळून गेला तर ते कामी येत नाही.

वजनाची मर्यादा हाही दोन्ही बाजूंनी टोचणारा मुद्दा आहे. ती फार खाली ठेवली तर सेवन करणाराच विक्रेता ठरतो. वर ठेवली तर विक्रेते मर्यादेच्या आतल्या पुड्या घेऊन फिरतात. पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये दहा दिवसांहून अधिक साठा स्वतःच्या सेवनासाठी असला तरी गुन्हाच, असे ठरवले. 2023 मध्ये संसदेने कायदा बदलला. आता वजन हा केवळ एक संकेत मानला जातो, आणि साठा सेवनासाठीच होता का, हे इतर पुराव्यांवरून ठरते.

आर्थिक संकटाच्या काळात, 2012 मध्ये, पोर्तुगालने उपचारांची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था मोडून तिची कामे प्रादेशिक आरोग्य प्रशासनांमध्ये वाटली. कायदा जसाच्या तसा होता, आयोगही होते. पण आयोग ज्या केंद्रांकडे माणसे पाठवत, त्यांची साखळी विस्कळीत झाली, आणि पुढच्या वर्षांत शहरांतून उघड्यावरच्या सेवनाच्या तक्रारी पुन्हा येऊ लागल्या.