काही न घडणारी कादंबरी आणि काही न हलणारी कादंबरी

कथानक जवळजवळ नसलेल्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या तर पहिल्या वीस पानांत त्या सारख्याच वाटतात. दोन्हींत खिडकी, पाऊस, चहा, आठवणी. एकीत घटना नसल्या तरी माणसांमधलं नातं दर पानाला जरासं सरकत असतं. दुसरीत घटनाही नाहीत आणि नातंही जिथल्या तिथे. दोन्हींना आपण ‘संथ’ म्हणतो. मग दुसरीने कंटाळलेला वाचक पहिलीही अर्ध्यावर सोडून देतो.

पहिलीचं उदाहरण म्हणून व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) घेऊ. स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर सुट्टीला आलेलं रॅम्से कुटुंब. हवा चांगली असेल तर उद्या दीपगृहावर जाऊ, असं आई सहा वर्षांच्या जेम्सला सांगते. वडील म्हणतात, हवा चांगली नसणार. पहिल्या भागातला उघड पेच एवढाच.

आता आई विणत असलेल्या मोज्याकडे पाहू. तो दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी आहे. माप घ्यायला ती तो जेम्सच्या पायाला लावून बघते. जेम्स चुळबुळ करतो, कारण आई आपल्या पायावर दुसऱ्याच मुलाचं माप घेतेय हे त्याला खुपतं. ती त्याला नीट उभं राहायला सांगते. मोजा अजून बराच आखूड आहे. घटना म्हणून सांगायचं तर एवढंच. पण मधल्या परिच्छेदांत घराची पडझड, आईच्या चेहऱ्यावरचं दुःख असं बरंच काही येऊन जातं. शेवटी जेम्सशी तुटकपणे बोलल्याचं तिला वाईट वाटतं आणि ती त्याच्या कपाळाचा मुका घेते. चिडीपासून मायेपर्यंतचा हा प्रवास एका मोज्याच्या मापात होतो. समीक्षक एरिख आउअरबाख यांनी ‘मिमेसिस’ या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण याच उताऱ्यावर बेतलं आहे.

वाचक घसरतो तो नेमका इथे. एक वाक्य बोललं जातं आणि पुढचं वाक्य दोन-अडीच पानांनी येतं. मधला मजकूर वर्णन समजून गाळला, तर आधी चिडलेली आई नंतर एकदम मुका का घेते ते कळत नाही. म्हणून अशा पुस्तकात अवतरणचिन्हातलं वाक्य दिसलं की थांबावं, मागचं बोललेलं वाक्य पुन्हा वाचावं आणि मधल्या मजकुरात बोलणाऱ्याचं मन कुठून कुठे गेलं ते पाहावं. रोज झोपताना तीन-चार पानं, या चालीने हे जमत नाही, धागा तुटतो. एका बैठकीत निदान एक आख्खा प्रसंग संपवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे परत येणारं भाकीत. उद्या हवा चांगली नसणार, हे वडिलांनी म्हटलं तेव्हा मुलाच्या मनात त्यांना मारावं इतका राग उसळला होता. त्याच रात्री नवऱ्याला बायकोच्या तोंडून प्रेमाची कबुली हवी असते. तिला ती शब्दांत देता येत नाही. ती त्याच्याकडे बघून हसते आणि म्हणते, तुमचं बरोबर होतं, उद्या पाऊस पडणार. त्याला कळायचं ते कळतं. आधी ज्या भाकिताने माणसं दुरावली, त्याच भाकिताने रात्री ती जवळ आली. आणि वुल्फ पुढे लिहितात की जिंकली मात्र तीच! म्हणजे प्रेमातसुद्धा चढाओढ उरलीच. या पानाइतका ताण मला पाठलागाच्या प्रसंगांतही क्वचित जाणवतो.

आता न हलणारी कादंबरी. समजा, एक माणूस गॅलरीत बसलाय, पाऊस पडतोय, त्याला जुनी मैत्रीण आठवते, चहा थंड होतो. चाळीस पानांनंतर पुन्हा गॅलरी, पुन्हा पाऊस, तीच मैत्रीण, तितकंच दुःख. भाषा सुंदर असू शकते, त्यामुळे फसगत होते. तपासायचं असेल तर या दोन प्रसंगांची मनातल्या मनात अदलाबदल करून बघा. काहीच बिघडत नसेल, तर कादंबरी हललेली नाही. ‘टू द लाइटहाउस’मधलं पावसाचं वाक्य असं उचलून पुढेमागे ठेवता येत नाही, आधीचा राग ठाऊक असल्याशिवाय रात्रीचा होकार पोकळ वाटतो.

मन कुठून कुठे गेलं ते पाहण्याची रीत सगळीकडे चालत नाही. याच कादंबरीचा मधला भाग जवळपास रिकाम्या घराचा आहे. दहा वर्षं जातात आणि मिसेस रॅम्सेंचा मृत्यू चौकटी कंसातल्या एका वाक्यात उरकला जातो. तिथे कोणाचं मन कुठे सरकतंय हे शोधू नये, कारण शोधायला माणूसच नाही. तिथला ताण पहिल्या भागातून वाचकाने सोबत आणलेला असतो. मग तिसऱ्या भागात सोळा वर्षांचा जेम्स नाव हाकत दीपगृहाशी पोचतो आणि वडील त्याला शाबासकी देतात. ज्याने मोज्याचं पान घाईत उलटलं, त्याला ही शाबासकी नुसती एक ओळ वाटते.