दोन छेद पाच: एकच चूक, दोन गट

सहावीच्या वर्गात अपूर्णांकांच्या बेरजेचा धडा सुरू झाला की 1/2 + 1/3 = 2/5 हे उत्तर कुठल्या तरी वहीत सापडतंच. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. याच मुलाला विचारा, "अर्धा लिटर दुधात पाव लिटर ओतलं तर किती?" तो न थांबता म्हणतो, "पाऊण." म्हणजे अपूर्णांक मिळवणं त्याला येतं. वहीत मांडलं की येत नाही. त्याच बाकावरच्या मुलीचं पान एव्हाना भरलेलं असतं आणि ती खिडकीबाहेर बघत असते.

अशा वर्गात सहसा होतं ते असं. मागे पडलेल्यांना 1/5 + 2/5 अशी समान छेदांची गणितं मिळतात आणि पुढे गेलेल्यांना 17/36 + 23/48. दोन्ही ठिकाणी धड्याचा गाभाच हातातून निसटतो. समान छेद असला की फक्त वरचे आकडे मिळवले तरी उत्तर बरोबर येतं. वर-वर, खाली-खाली या चुकीचा अर्धा भाग तिथे आणखी पक्का होतो. 17/36 वाल्या मुलीला नवं काहीच मिळत नाही, मिळते ती लसावि काढण्याची हमाली.

गणित अवघड का वाटतं, हे कळायला एकाच वेळी डोक्यात किती गोष्टी धराव्या लागतात ते मोजावं. नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञाने 2001 मध्ये मांडलं की माणूस एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी मनात धरू शकतो. आता 1/2 + 1/3 बघा. छेद वेगळे आहेत हे ओळखायचं, समान छेद शोधायचा, दोन्ही अपूर्णांक त्या छेदात लिहायचे, तोवर मूळ गणित विसरायचं नाही आणि शेवटी फक्त अंश मिळवायचे. ज्याचे पाढे पक्के नाहीत, त्याची निम्मी जागा "सहा त्रिक किती?" यातच जाते. त्याला समच्छेद समजत नाही असं नसतं, समजून घ्यायला जागा उरलेली नसते.

म्हणून मागच्या गटासाठी मी कल्पना तीच ठेवतो, वेगळ्या छेदांची. हलके करतो ते पाढे. चौकटीच्या वहीत सहा घरांची पट्टी आखायची. तिचा अर्धा म्हणजे तीन घरं, तिसरा हिस्सा म्हणजे दोन घरं. मिळून सहापैकी पाच रंगली. पट्टी सहाचीच का, हा प्रश्न मुलांकडून यावा लागतो. आला नाही तर पाच घरांची पट्टी देतो आणि अर्धा रंगवायला सांगतो. पेन्सिल अडीच घरांवर अडली की पट्टी सहाची का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्यानंतर सोडवलेली उदाहरणं. 1985 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर प्रयोग केले. नवशिक्यांना सगळी गणितं स्वतः सोडवायला लावण्यापेक्षा काही पूर्ण सोडवलेली नीट वाचायला दिली, तर ते तशीच पुढची गणितं जास्त लवकर आणि कमी चुका करून सोडवत. मात्र गणिताचा साचा बदलला की हा फायदा दिसत नव्हता, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणूनच आधार हळूहळू काढून घ्यावा लागतो. माझ्या कागदावर तो असा उतरतो:

1/2 + 1/3 = 3/6 + 2/6 = 5/6
1/2 + 1/5 = 5/10 + 2/10 = __
1/3 + 1/4 = __/12 + __/12 = __
2/3 + 1/4 = __

आधी शेवटची पायरी रिकामी, मग तिच्या आधीचीही. मुलाला एका वेळी एकच नवं ओझं उचलावं लागतं आणि डावीकडे रस्ता दिसत राहतो. तिसऱ्या ओळीत अडकला तर पट्टीकडे परत. चौथी जमली की त्याच्याकडूनच एक गणित बनवून घ्यायचं.

हाच कागद पुढच्या गटाला दिला तर? दिला होता एकदा, सगळ्यांना सारखंच म्हणून. त्यांचा वेग कमी झाला. स्लावा काल्युगा, स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हेच मांडलं: नवशिक्याला जो आधार उपयोगी पडतो, तोच जाणत्याला अडचण होतो. पायऱ्या त्याच्या डोक्यात आधीच असतात. छापलेल्या पायऱ्या वाचून आपल्याशी ताडून बघण्यात त्याचं लक्ष खर्च होतं. चालता येणाऱ्याच्या हातात पांगुळगाडा द्यावा तसं.

मग कोण कुठल्या गटात? मागच्या परीक्षेच्या गुणांवर मी विसंबत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीत 1978 च्या सुमारास विचारलेला एक प्रश्न मी धड्याच्या पहिल्या दिवशी विचारतो: 12/13 + 7/8 हे 1, 2, 19 की 21 च्या जवळ? कागद-पेन्सिल नाही. दोन्ही जवळजवळ एक-एक, म्हणून उत्तर 2. तिथल्या तेरा वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम चौथाईने ते दिलं होतं, निम्म्याहून जास्त मुलं 19 किंवा 21 कडे गेली होती. हा प्रश्न माझी यादी दरवर्षी उलटीपालटी करतो. लसावि झरझर काढणारी एखादी मुलगी 19 म्हणते, पाढ्यांना अडखळणारा मुलगा 2 म्हणतो. तिला पट्टी हवी, त्याला पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून थेट अवघड गणित. गट त्या धड्यापुरता, आणि तोही मधे बदलतो.

पुढच्या गटासाठी मी आकडे वाढवत नाही, मागच्या गटातली चूकच त्यांच्या हाती देतो. 1/2 आणि 1/3 ची बेरीज 2/5. उत्तर चूक आहे, हे बेरीज न करता कसं सांगाल? कुणीतरी ओळखतं की 2/5 अर्ध्याहूनही कमी आहे, मिळवल्यावर कमी कसं होईल? मग पुढचा प्रश्न: 2/5 हा 1/3 आणि 1/2 च्या मधे पडतो. अशी चूक नेहमी मधेच पडते का? मुलं 1/4 आणि 2/3 घेऊन बघतात, 3/7 येतो, तोही मधे. जॉन फेरी या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने 1816 मध्ये अशाच मधल्या अपूर्णांकांबद्दल एक टिपण प्रसिद्ध केलं होतं, त्यामुळे चूक तशी घरंदाज आहे.

आणि ती खरी कुठे ठरते? सकाळी 2 पेनल्टी मारल्या, 1 गोल. दुपारी 3 मारल्या, 1 गोल. दिवसभरात 5 पैकी 2. इथे वर-वर, खाली-खाली हेच बरोबर. मग बेरजेला का चालत नाही? यावर आमच्याकडे एक तास वाद चालला. शेवटी एका मुलीने फळ्यावर 1/2 पुसून 2/4 लिहिलं. किंमत तीच, पण या पद्धतीने उत्तर आलं 3/7. गोलांच्या हिशेबात ते ठीक, कारण 4 पैकी 2 म्हणजे सकाळी चार पेनल्टी मारल्या, तो वेगळाच दिवस. पण दूध 1/2 लिटर म्हणा की 2/4 लिटर, पातेल्यात तेवढंच असतं.