‘भोंगा’ आणि ‘हैदराबाद’

सोलापुरात टोपणनावाची सवय गिरणीपासूनची आहे. १८७७ साली सुरू झालेली ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ ही गिरणी गावाच्या तोंडी कायम ‘जुनी मिल’च राहिली. माणसांचंही तसंच. सिद्धेश्वर ग्रामदैवत, त्यामुळे एकेका खात्यात तीन-चार सिद्राम, दोन-तीन मल्लिनाथ. शिवाय तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशा चार भाषांतली माणसं एकाच सांचेखात्यात. जॉबरनं ‘सिद्राम’ म्हणून हाक मारली तर चौघं मान वर करणार. मग उंच सिद्राम, तंबाखू सिद्राम, लंगडा सिद्राम. ही नावं माणूस ओळखण्यासाठी होती, आणि ती प्रत्येकाला होती. वाकडे, बोबडे, टकले ही आडनावंही अशाच कुठल्या तरी हाकेतून आली असावीत असं आपल्याला वाटतं, ते उगाच नाही.

पण ‘लंगडा सिद्राम’ला स्वतःला ते नाव कसं वाटत होतं, हे कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. जुन्या काळाचं कौतुक करताना हे एक सोडून दिलं जातं.

वरिष्ठांची नावं निराळ्या जातीची. ती पाठीमागे घ्यायची असतात. मी टॉवेल-चादरींच्या ज्या ऑफिसात होतो, तिथले मॅनेजर सव्वानऊच्या ठोक्याला जिना चढायचे आणि पहिल्याच पायरीवरून ओरडायचे. त्यांचं नाव ‘भोंगा’. गिरण्या गेल्या तरी शब्द शिल्लक होता. साहेबांना ते कळलं तेव्हा ते हसले. हसणं त्यांना परवडत होतं, कारण पगारवाढ त्यांच्या हातात होती. ज्याचं नाव तोंडावर घेतलं जात नाही, त्याचं त्या नावानं सहसा काही बिघडत नाही. खालच्याचं नाव मात्र पहिल्या दिवसापासून तोंडावरच घेतलं जातं.

त्याच ऑफिसात डिस्पॅचला एक मुलगा होता. हुबळीला जायच्या टॉवेलच्या दोन गाठी त्याच्या चुकीच्या चलनामुळे हैदराबादला गेल्या. आठवड्यात परत आल्या, नुकसान ट्रान्सपोर्टच्या भाड्याएवढं. त्याचं नाव पडलं ‘हैदराबाद’. पहिले काही दिवस तोही हसला; त्यानं स्वतःच एकदा फोनवर ‘हैदराबाद बोलतोय’ म्हटलं होतं. इथपर्यंत मीही त्याला चेष्टाच म्हणेन.

पुढे सुपरवायझर व्यापाऱ्यांसमोर त्याला तसं बोलवू लागले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ड्युटीच्या यादीत त्याच्या खऱ्या नावाच्या जागी ‘हैदराबाद’ आलं. त्यानं दोनदा ‘नका म्हणू’ म्हणून सांगितलं. उत्तर मिळालं, ‘जोक कळंना का बे तुला?’ माझ्या मते चेष्टा संपली ती इथे. थांबवायला सांगितल्यावर ते नाव जास्त जोरात घेतलं जाऊ लागलं. तो डबा एकटा खाऊ लागला, प्रत्येक चलन तीन-तीनदा तपासू लागला, आणि त्यामुळे उशीर होतो म्हणून पुन्हा बोलणी खाऊ लागला.

कामाच्या जागेवरच्या या छळाचा पद्धतशीर अभ्यास १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन यांनी केला. त्यांनी माप ठरवलं ते वारंवारतेचं: आठवड्यातून निदान एकदा, निदान सहा महिने, आणि ज्याच्यावर चाललंय तो स्वतःचा बचाव करू शकत नाही अशी स्थिती. सुटा टोमणा त्यात बसत नाही. माप थोडं कडकच आहे; सहा महिने कुणी कशाला थांबायचं? पण तारीख, वेळ, समोर कोण होतं, हे वहीत टिपून का ठेवायचं ते त्यावरून कळतं.

आपल्याकडे कायदा चालतो तो ठेवलेल्या नावात काय म्हटलंय त्यावर. आजच्या ‘लंगडा सिद्राम’साठी २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे: चारचौघांत हेतुपूर्वक अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. अर्थात हेतू सिद्ध करावा लागतो. जातीवरून हिणवलं तर १९८९चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा. बाईला लैंगिक रोखाचं नाव ठेवलं तर २०१३च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात ही समिती असावीच लागते.

‘हैदराबाद’ यातल्या कशातच बसत नव्हतं. त्यात ना जात, ना शरीर, ना शिवी. एका शहराचं नाव. त्याच्या बाजूनं होतं ते एवढंच, की यादी ग्रुपवर लेखी होती. तिचे स्क्रीनशॉट घेऊन तो भोंगासाहेबांकडे गेला. साहेबांनी सुपरवायझरला बोलावून यादी बदलायला लावली, आणि जाता जाता त्या मुलाला म्हणाले, ‘मलापण नाव ठेवलंय की यांनी, मी कधी काय म्हटलं का?’

दिवाळीचा बोनस घेऊन त्यानं नोकरी सोडली. नवा मुलगा आला तेव्हा शिपायानं त्याला खुर्ची दाखवली, ‘हैदराबादच्या जागेवर बसा.’