पीएच.डी. सल्लागार समितीचे इतिवृत्त: हा कागद आला कुठून?

दर सहा महिन्यांनी पीएच.डी.चा विद्यार्थी समितीपुढे उभा राहतो, वीसेक मिनिटे सादरीकरण करतो, प्रश्न होतात, चहा होतो आणि शेवटी एका कागदावर सगळ्यांच्या सह्या होतात. अनेक विभागांत त्या कागदावर एकच ओळ असते: ‘प्रगती समाधानकारक. काम पुढे चालू ठेवावे.’ या ओळीचा त्या विद्यार्थ्याला पुढे काहीच उपयोग होत नाही. मात्र त्याची नोंदणी टिकणार का, मुदतवाढ मिळणार का, मार्गदर्शकाशी मतभेद झाले तर बाजू कोणाची धरायची, हे ठरवायची वेळ आली की विद्यापीठ हाच कागद काढून बघते. म्हणून तो कुठून आला आणि त्यात काय असायला हवे, हे समजून घेण्यासारखे आहे.

मुळात पीएच.डी.मध्ये समिती नव्हतीच. संशोधनावर आधारलेली ही पदवी एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांत घडली आणि तिथे सगळा कारभार एका प्राध्यापकाभोवती फिरत असे. विषय तो देणार, प्रयोगशाळा त्याची, प्रबंधाला श्रेणीही त्याचीच. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, त्या याच व्यवस्थेत. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते. माणसाच्या कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, हे दाखवून देण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. कवट्या मोजल्यावर तसा संबंध त्यांना दिसला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसे स्पष्ट लिहिले. पदवी मिळाली, पण श्रेणी मिळाली ती उत्तीर्ण होण्यापुरती. त्या वाटेवर त्यांचे मोजमाप तपासून ‘ही पद्धत योग्य आहे’ असे आधीच लिहून ठेवणारे दुसरे कोणी नव्हते.

आपल्याकडच्या विद्यापीठांनी साधारण हीच एकखांबी रचना उचलली. मार्गदर्शकाची मान्यता, विषयाची नोंदणी, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, त्यावर मार्गदर्शकाची सही, आणि तो कागद विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जमा. महाराष्ट्रात विषय मंजूर करायला आरआरसी, म्हणजे संशोधन व मान्यता समिती, असते, पण ती मुख्यतः सुरुवातीला. विषय एकदा मंजूर झाला की सिनॉप्सिस देईपर्यंत मधली चार-पाच वर्षे विद्यार्थी आणि मार्गदर्शक या दोघांखेरीज काम कोणी पाहीलच असे नव्हते. मार्गदर्शक मनापासून लक्ष घालणारे असले तर उत्तम. नसले तर अहवालावर सही होत राही आणि काम जागेवरच राही.

समितीची रीत भारतात आली ती दुसऱ्या दाराने, शेतीच्या शिक्षणातून. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेला १९५८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, १९६० मध्ये पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले, आणि दोन्हीकडे सरकारी जमिनीच्या अनुदानावर उभ्या राहिलेल्या, शेतीशिक्षणावर भर देणाऱ्या अमेरिकी लँड-ग्रँट विद्यापीठांचा आदर्श होता. अमेरिकेत विद्यार्थ्यामागे एक सल्लागार समिती असणे हे केव्हाचेच रुळलेले होते. ते इथेही आले. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांतून शिकलेल्या कोणालाही विचारा. समितीत आपल्या विषयाबाहेरचा, बहुधा संख्याशास्त्राचा, एक सदस्य असणे आणि पेरणीपूर्वी संशोधनाचा आराखडा त्याच्या सहीने पक्का होणे त्यांना सवयीचे असते. याला कारणही शेतीचेच आहे. प्रयोगाची मांडणी चुकली तर ती हंगाम संपल्यावर कळते आणि तोवर वर्ष गेलेले असते. आयआयटींनीही आपापल्या परीने अशा समित्या केल्या. मुंबईच्या आयआयटीत संशोधन प्रगती समितीपुढे दरवर्षी सेमिनार द्यावा लागतो.

समिती फक्त कामाच्या दर्जासाठी नसते, हे जगाला एका दुःखद घटनेने दाखवून दिले. १९९८ च्या ऑगस्टमध्ये हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागातल्या एका संशोधक विद्यार्थ्याने आत्महत्या केली. त्याने मागे ठेवलेल्या पत्रात विभागासाठी एक नेमकी सूचना होती: प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर तीन प्राध्यापकांच्या समितीने लक्ष ठेवावे, कारण विद्यार्थ्याच्या आयुष्यावर एका माणसाची फार सत्ता चालते. अशी समिती आपल्याला असती तर गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या, असेही त्याने लिहिले होते. त्यानंतर त्या विभागाने मार्गदर्शकाखेरीज आणखी प्राध्यापकांचा सल्ला घेण्याची सोय केली. ही सूचना मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती करणाऱ्याला त्या रचनेतली उणीव आतून ठाऊक होती.

भारतातल्या सर्वसाधारण विद्यापीठांत बदल झाला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी. २००९ च्या नियमांनी प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क आणले. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती, म्हणजे आरएसी, किंवा तिच्यासारखी दुसरी यंत्रणा बंधनकारक केली. विषय आणि पद्धत ठरवायला मदत करणे आणि वेळोवेळी प्रगती तपासणे, ही तिची कामे. विद्यार्थ्याने दर सहा महिन्यांनी तिच्यापुढे यायचे, समितीने अहवाल संस्थेला द्यायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्याला. पुढचे कलम नीट वाचण्यासारखे आहे. प्रगती असमाधानकारक असेल तर समितीने कारणे नोंदवायची आणि सुधारणेचे उपाय सुचवायचे. ते उपाय विद्यार्थ्याने अमलात आणले नाहीत तरच, सविस्तर कारणे देऊन, नोंदणी रद्द करण्याची शिफारस करता येते. याचा अर्थ असा की आधीच्या इतिवृत्तात उपाय लिहिलेलेच नसतील, तर नोंदणी रद्द करण्याला आधारच उरत नाही. ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ही चौकट कायम ठेवली. आता दर सत्राला सादरीकरण असते आणि समितीच्या शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला मिळायची असते. कमाल मुदत सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिला व चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत. पण इतिवृत्तात काय लिहायचे, हे नियम सांगत नाहीत. त्यामुळेच ती एक ओळ टिकून राहिली.

एक काल्पनिक पण अगदी नेहमीसारखे उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्यातल्या सीना खोऱ्याच्या भूजलावर काम करणारी एक विद्यार्थिनी. चाळीस विहिरी निवडल्या आहेत, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याचे नमुने घ्यायचे आहेत. नोव्हेंबरचे नमुने झाले, जानेवारीत समितीची बैठक. ती तक्ता दाखवते आणि एक सदस्य आयनांचा ताळेबंद विचारतात. पाण्यात विरघळलेल्या धनायनांचा आणि ऋणायनांचा एकूण प्रभार सारखा असायला हवा. मोजणीत पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतात. इथे अकरा नमुन्यांत तो दहा टक्क्यांच्या वर आहे, आणि अकराच्या अकरा ठिकाणी धनायन जास्त आहेत. चूक एकाच बाजूला झुकलेली असली की तिचे कारणही बहुधा एकच असते. चौकशीत कळते की कॅल्शियमसाठीच्या बाटलीत विहिरीवरच नायट्रिक आम्ल घातले होते, म्हणून कॅल्शियम टिकले. बायकार्बोनेटसाठीची साधी बाटली मात्र आठवड्याने प्रयोगशाळेत तपासली. तोवर कार्बन डायऑक्साइड निघून गेला, थोडा कॅल्शियम कार्बोनेट तळाला बसला आणि बायकार्बोनेट कमी भरले. दख्खनच्या काळ्या खडकातल्या पाण्यात बायकार्बोनेट हा मोठा वाटेकरी, त्यामुळे सगळा ताळेबंद बिघडला.

आता या बैठकीनंतर ‘नमुन्यांची फेरतपासणी करावी’ असे लिहिले तर ते वाया गेले. त्या बाटल्यांतले मूळ पाणी आता बदललेले आहे, पुन्हा तपासून हाती काही येणार नाही. उपयोगी इतिवृत्त असे असते: अकरा नमुन्यांचे बायकार्बोनेटचे आकडे विश्लेषणातून वगळायचे आणि प्रबंधात तसे नमूद करायचे. बायकार्बोनेट यापुढे विहिरीवरच टायट्रेशनने मोजायचे. १५ एप्रिलपूर्वी तीन विहिरींवर त्याचा सराव करून आकडे सदस्यांना पाठवायचे. १० ते ३१ मे दरम्यान, वळवाचा पाऊस येण्याआधी, चाळीसही विहिरी पूर्ण करायच्या. मध्येच पाऊस झाला तर तारीख आणि गाव टिपून ठेवायचे आणि त्या विहिरी वेगळ्या गटात धरायच्या. ३० जूनपर्यंत ताळेबंदासह तक्ता, ३१ जुलैपर्यंत पद्धतीच्या प्रकरणाचा मसुदा. ही झाली विद्यार्थिनीची जबाबदारी. त्याच कागदावर मार्गदर्शकाचीही हवी: टायट्रेशनचा संच मार्चअखेर उपलब्ध करून देणे, जुन्या पाणीपातळीच्या नोंदींसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला पत्र देणे, मसुदा हाती आल्यावर तीन आठवड्यांत शेरे देणे.

मे हुकला तर पुढचा मे वर्षाने येतो. सहा वर्षांच्या मुदतीत ते एक वर्ष फार मोठे आहे. संच वेळेवर मिळाला नाही म्हणून मे हुकला असेल आणि मार्चची तारीख इतिवृत्तात असेल, तर मुदतवाढीच्या अर्जाला ती जोडता येते. नसेल तर दिरंगाई विद्यार्थिनीच्या नावावर पडते. सूचना देताना समितीतले मतभेदही लिहिले पाहिजेत. एक सदस्य विहिरी साठ करायला सांगतात, दुसरे चाळीस पुरेत म्हणतात, आणि इतिवृत्तात दोन्ही सूचना निर्णयाशिवाय उतरतात, हा नेहमीचा गोंधळ आहे. सहा महिन्यांनी पहिले सदस्य ‘मी सांगितले होते’ म्हणतात. त्यामुळे सूचना आणि ठरलेली गोष्ट वेगवेगळी लिहायला हवी, आणि मागच्या बैठकीतल्या प्रत्येक मुद्द्याचे काय झाले, याने पुढच्या इतिवृत्ताची सुरुवात व्हायला हवी.

या रचनेत एक उणीव मात्र राहिली आहे. २०१६ असो वा २०२२, समितीचा निमंत्रक मार्गदर्शकच असतो. बैठक तोच बोलावतो आणि बहुतेक ठिकाणी इतिवृत्तही तोच, किंवा त्याच्या सांगण्यावरून विद्यार्थीच, लिहितो. ज्याच्या जबाबदाऱ्या नोंदवायच्या त्याच्याच हाती लेखणी असेल, तर मसुदा तीन आठवड्यांत वाचून देण्याची अट कागदावर येत नाही, आणि विद्यार्थ्याने ती घालावी अशी अपेक्षा धरणेही बरोबर नाही. नियम न बदलता विभागाला एवढे करता येते: टिपणे दुसऱ्या सदस्याने घ्यायची, बैठक संपण्याआधी ठरलेल्या गोष्टी आणि तारखा सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या, आठवड्याच्या आत मसुदा सर्व सदस्यांना आणि विद्यार्थ्याला पाठवायचा आणि दुरुस्त्यांसाठी ठरावीक दिवस ठेवायचे. काही मिनिटे विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या गैरहजेरीत इतर सदस्यांशी बोलायची प्रथा काही परदेशी विद्यापीठांत आहे. तिच्याही आड आपले नियम कुठे येत नाहीत.