रिपोर्टमधले ‘स्टेबल’, ‘इंटरव्हल इन्क्रीज’ आणि ‘न्यू’
फॉलो-अप सीटी स्कॅन करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फॉलो-अपचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण थेट शेवटचा परिच्छेद वाचतात. आमचा सल्ला आहे की आधी वरची ‘कंपॅरिझन’ ही ओळ शोधा. हा स्कॅन कोणत्या तारखेच्या स्कॅनशी ताडून पाहिला, ते तिथे लिहिलेले असते. खालचे तिन्ही शब्द त्या तारखेवर उभे असतात. तारीख बदलली तर शब्दही बदलू शकतो.

हे कसे, ते आम्ही इथे एकाच उदाहरणातून सांगणार आहोत. उदाहरण फुप्फुसातल्या छोट्या घट्ट गाठीचे, म्हणजे सॉलिड नोड्यूलचे आहे, कारण या शब्दांचे प्रश्न आमच्या काउंटरवर सर्वाधिक तिथेच येतात.

मोजमापात किती फरक धरायचा

समजा, एका बाईंच्या उजव्या फुप्फुसात पहिल्या स्कॅनमध्ये 6 मिमीचा नोड्यूल दिसला. सहा महिन्यांनी तो 7 मिमी भरला आणि रिपोर्टमध्ये आले, ‘स्टेबल’. घरच्यांचा प्रश्न रास्त असतो: सहाचे सात झाले, मग स्थिर कसे?

इतक्या लहान गाठीची लांबी आणि रुंदी मोजून सरासरी काढतात आणि ती पूर्ण मिलिमीटरमध्ये लिहितात. श्वास थोडा कमी भरला, स्लाइस, म्हणजे स्कॅनमधला पातळ काप, गाठीच्या मध्यातून न जाता कडेने गेली किंवा कर्सर किंचित इकडेतिकडे ठेवला गेला, तर तीच गाठ मिलिमीटरभर लहान-मोठी भरते. एकच स्कॅन दोन रेडिओलॉजिस्टनी मोजला तरी एवढा फरक पडतो. म्हणून फ्लेशनर सोसायटी या छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्यासात 2 मिमी किंवा त्याहून जास्त फरक पडला तरच वाढ धरतात. त्याआतला फरक ‘स्टेबल’मध्ये बसतो. म्हणजे ‘स्टेबल’चा खरा अर्थ असा: मोजमापाच्या चुकीपलीकडे जाणारा बदल दिसला नाही. गाठ निरुपद्रवी आहे, असे तो शब्द एकटा सांगत नाही.

किती काळात स्टेबल?

हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. खरे तर तोच आधी विचारायला हवा. गाठ वाढते ती आकारमानाने, आणि आपण मोजतो व्यास. आकारमान दुप्पट झाले तरी व्यास साधारण 26 टक्केच वाढतो. धरा, 6 मिमीच्या गाठीचे आकारमान दर 200 दिवसांनी दुप्पट होते आहे. कर्करोगाच्या गाठीसाठी हा वेग अगदी शक्य कोटीतला. दोन महिन्यांनी स्कॅन केला तर ती 6.4 मिमी असेल, म्हणजे रिपोर्टमध्ये पुन्हा 6. सहा महिन्यांनी ती 7.4 मिमीच्या आसपास असेल, तरीही शब्द येईल ‘स्टेबल’. वर्षाने मात्र ती 9 मिमी भरेल आणि मग शंका उरणार नाही.

त्यामुळे दोन महिन्यांतल्या ‘स्टेबल’ला फार वजन नसते. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बोलावले असेल आणि काळजीपोटी तुम्ही लवकर स्कॅन करून घेतला, तर पैसे आणि किरणे दोन्ही खर्च होऊन उत्तर अर्धवटच मिळते. आमचे काम स्कॅन करण्याचे असले तरी हे सांगणे आम्हाला भाग आहे. सॉलिड नोड्यूल दोन वर्षे स्टेबल राहिला, तर तो सहसा निरुपद्रवी मानून पाठपुरावा थांबवतात. धुरकट दिसणारे, म्हणजे ग्राउंड-ग्लास नोड्यूल फार सावकाश वाढतात, म्हणून त्यांच्यावर पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवतात.

इंटरव्हल इन्क्रीज

इथे इंटरव्हल म्हणजे तुलना केलेल्या दोन स्कॅनच्या मधला काळ. त्या काळात वाढ झाली, एवढेच हे शब्द सांगतात. झपाट्याने झाली की हळूहळू, ते सांगत नाहीत.

आता त्याच बाईंचा तिसरा स्कॅन घेऊ. पहिल्यापासून दीड वर्ष झाले आहे आणि गाठ 8 मिमी भरली आहे. सोबत फक्त दुसरा स्कॅन आणला असेल, तर 7 चे 8 झाले आणि रिपोर्ट पुन्हा म्हणेल ‘स्टेबल’. पहिला स्कॅन समोर असेल तर 6 चे 8 झाले: ‘इंटरव्हल इन्क्रीज’. मोजमाप एकही चुकलेले नाही, तरी निष्कर्ष वेगळे. सावकाश वाढणाऱ्या गाठी अशाच निसटतात, दर वेळी मिलिमीटरभर. म्हणून आम्ही सर्वांत जुना स्कॅन मागतो. नुसता मागचा पुरत नाही.

या वाढीचा वेगही काढून पाहू. 6 मिमीच्या गोल गाठीचे आकारमान सुमारे 113 घन मिमी, 8 मिमीचे सुमारे 268, म्हणजे जवळजवळ 2.4 पट. दीड वर्षात एवढी वाढ म्हणजे दुप्पट व्हायला साधारण साडेचौदा महिने लागले. 400 दिवसांपेक्षा कमी वेळात दुप्पट होणारी गाठ जास्त संशयास्पद मानतात. ही त्या रेषेच्या थोडी पलीकडे आहे: दुर्लक्ष करावे अशी नाही आणि रातोरात धावपळ करावी अशीही नाही. शिवाय 6 आणि 8 या आकड्यांतच मिलिमीटरची ढिलाई असल्याने हा हिशेब अंदाजाचाच. पुढे पेट स्कॅन, बायोप्सी की आणखी एक फॉलो-अप, हे छातीचे डॉक्टर वय, धूम्रपान आणि गाठीच्या कडा पाहून ठरवतात.

न्यू

‘न्यू’ वाचून माणूस सर्वांत जास्त घाबरतो. पण आधी पाहायचे ते हे, की तो भाग जुन्या स्कॅनमध्ये होता का. आधीचा सीटी पोटाचा असेल, तर त्यात फुप्फुसांचे फक्त तळ येतात. वरच्या भागातली गाठ ‘नवी’ म्हणताच येत नाही. जुन्या स्लाइस 5 मिमी जाडीच्या असतील, तर 4 मिमीची गाठ तेव्हाही असून दिसली नसेल. आजच्या 1 मिमीच्या स्लाइसमध्ये ती स्पष्ट दिसते.

ही शंका फिटली आणि गाठ खरोखर नवी निघाली, तरी संसर्ग किंवा सूज हे नेहमीचे कारण असते; अशी गाठ काही आठवड्यांनी किंवा तीन महिन्यांनी पुन्हा पाहिली की बऱ्याचदा विरलेली असते. मात्र ज्यांना पूर्वी कर्करोग झाला आहे, त्यांच्या रिपोर्टमधला ‘न्यू’ डॉक्टर वेगळ्या गांभीर्याने घेतात. अशा वेळी वाट न पाहता त्यांना भेटा.

येताना काय आणाल

जुन्या स्कॅनची सीडी किंवा पेन ड्राइव्ह आणा. नुसता जुना रिपोर्ट आणला तर आम्हाला दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यावर विसंबावे लागते. सीडी असली की दोन्ही स्कॅन शेजारी लावून तीच गाठ, त्याच पद्धतीने, एकाच नजरेने मोजता येते. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो मोजमापाला चालत नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये तुलनेसाठी जुना स्कॅन उपलब्ध नव्हता असे लिहिले असेल आणि नंतर घरात सीडी सापडली, तर ती घेऊन या. त्यासाठी पुन्हा स्कॅन करावा लागत नाही. रेडिओलॉजिस्ट दोन्ही पाहून त्याच रिपोर्टला पुरवणी जोडतात आणि कोणत्या तारखेच्या स्कॅनशी तुलना केली, ते तिच्यात लिहितात.