मित्राच्या लग्नपत्रिकेतली द्विपदी

लग्नपत्रिकेवर वरच्या बाजूला किंवा मागच्या पानावर ज्या दोन यमकबद्ध ओळी टाकतात त्यांना द्विपदी म्हणतात. चारोळीच्या अर्ध्यात सगळं बसवायचं असतं, म्हणजे पहिली ओळ माणूस उभा करते आणि दुसरी त्याला जरा वळण देते, तिसरी ओळ नाहीच. तयार ओळी ढिगाने मिळतात पण त्या कुणाच्याही पत्रिकेवर चालतात, म्हणून कुणाच्याच वाटत नाहीत. मित्रासाठी लिहायचं तर आधी त्याची एक सवय पकडायची, एकच.

समजा मित्र कायम उशिरा येणारा आहे. पहिल्या फटक्यात बहुतेकांचं हे असं होतं: "आमचा मित्र फार उशिरा येतो, आज मात्र तो वेळेवर येतो". हे यमक नाहीच, तोच शब्द परत आलाय, कानाला नवीन काही मिळत नाही. मग माणूस येतो-नेतो-देतो अशी यादी करतो आणि "तिला आपल्यासोबत नेतो" असं काहीतरी लिहून मोकळा होतो, म्हणजे यमकाने अर्थाला कान धरून ओढलं. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

म्हणून बांधायला शेवटून सुरुवात करतात. गंमत नक्की कशात आहे? आता त्याची वेळ ती सांभाळणार, यात. मग दुसरी ओळ आधी लिहायची, "घड्याळ त्याचे तिच्याच हाती", आणि "हाती"ला जुळणारे शब्द शोधायचे: नाती, माती, वाती, राती, ख्याती. "साथी" कानाला जवळचा वाटतो पण छापल्यावर थी आणि ती वेगळे दिसतात. "नाती" पत्रिकांवर इतकं झालंय की वाचणारा ते आधीच ओळखतो. "ख्याती" मात्र उशिराशी मस्त जमतो, कारण उशिरा येण्याची ख्याती हीच मुळात थट्टा आहे.

उशिरा येणे ज्याची ख्याती
घड्याळ त्याचे तिच्याच हाती

आता मात्रा मोजू. ह्रस्व अक्षराची 1, दीर्घाची 2. उ-शि-रा 4 आणि येणे 4, झाले 8. "ज्याची ख्याती" अजून 8. खालची ओळ पण 8 आणि 8, म्हणजे दोन्हीकडे 16. इथे एक मेख आहे. नियमाने जोडाक्षराच्या आधीचं ह्रस्व अक्षर जड होतं, पण ते त्याच्यावर आघात येत असेल तरच. "घड्याळ"मधल्या घ वर आणि "तिच्याच"मधल्या ति वर बोलताना जोर येत नाही, म्हणून त्यांची 1च धरायची. कागदावर हिशोब करण्यापेक्षा मोठ्याने म्हणून बघावं, जीभ अडखळली तर गडबड तिथेच. "उशीरा" असं लिहिलं तर शुद्धलेखन तर चुकतंच, वर एक मात्राही वाढते. आणि "येणे"चं "येणं" केलंत तर खालचं "त्याचे"ही "त्याचं" करा, नाहीतर दोन ओळी दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारख्या वाटतात.

क्रम उलटा करून बघा, आधी घड्याळ मग ख्याती. मात्रा त्याच, यमक तेच, पण गंमत गेली, कारण उत्तर आधी आलं. "ख्याती" जरा नटवा शब्द आहे, तो पहिल्या ओळीत खपून जातो कारण तोवर वाचणाऱ्याला यमकाची चाहूलच नसते. खाली साधा "हाती" येतो आणि आपसूक आल्यासारखा वाटतो. खरं तर तो आधी ठरलेला होता, ही यातली चोरी! (जो शब्द ओढून आणल्यासारखा वाटेल तो वर ठेवावा, हे बहुतेक वेळा लागू पडतं.)

असं का आवडतं? पहिली ओळ संपली की कान "-आती"ची वाट बघायला लागतो, आवाज अपेक्षेप्रमाणे येतो आणि अर्थ मात्र अपेक्षेबाहेरचा, दोन्ही एकाच शब्दावर. शिवाय यमकात सांगितलेलं खरं वाटतं. मॅकग्लोन आणि तोफिगबख्श या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली दाखवलं की यमकातली म्हण लोकांना तिच्याच बिनयमकी रूपापेक्षा जास्त अचूक वाटते, पण भाषेची गोडी आणि अर्थ वेगळे धरा असं बजावलं की तो फरक कमी होतो. पत्रिका वाचताना असं कुणी बजावत नाही.

फसतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे मित्रांच्या टोळीलाच कळणारा किस्सा, पत्रिका दोन्हीकडच्या आज्या-काकांपर्यंत जाते. उशिरा येणं सगळ्यांना कळतं, हॉस्टेलमधलं टोपणनाव नाही. दुसरं डिझाइन. रुंदी कमी आणि अक्षर मोठं असलं की "हाती" एकटाच खालच्या ओळीत पडतो, मग दोनाच्या तीन ओळी दिसतात आणि ख्याती-हाती एकाखाली एक राहत नाहीत. प्रूफ आल्यावर सगळ्यात आधी तेच बघावं, नाव-तारखेच्या चुका तर घरचे शोधतातच.